नव्या पुरवठादाराकडे बँकेचा पुरावा, करनोंदणीचा तपशील आणि रद्द केलेला चेक मागणारा ई-मेल: कच्च्या मसुद्यापासून पक्क्या मजकुरापर्यंत

बहुतेक कार्यालयांतून नव्या पुरवठादाराला जाणारा पहिला ई-मेल साधारण असा असतो:

> विषय: कागदपत्रे
> महोदय, व्हेंडर नोंदणीसाठी खालील कागदपत्रे त्वरित पाठवावीत, अन्यथा पेमेंट होणार नाही.
> बँक प्रूफ, जीएसटी व पॅन, कॅन्सल चेक.
> अकाउंट्स विभाग

या चार ओळींत व्याकरणाची चूक नाही आणि मागणीही रास्त आहे. तरीही तिचे उत्तर पहिल्या फेरीत पूर्ण येत नाही. चेकचा मोबाइलवर काढलेला फोटो येतो आणि त्यात नेमका आयएफएससी कोडवर अंगठा असतो. जीएसटीचा नुसता क्रमांक टाइप करून येतो, प्रमाणपत्र येत नाही. आणि ‘बँक प्रूफ म्हणजे कॅन्सल चेकच ना?’ असा फोन येतो. हा प्रश्न अगदी योग्य आहे, कारण मसुदा लिहिणाऱ्यानेच त्याचे उत्तर ठरवलेले नसते. अशा ई-मेलची भाषा नुसती गुळगुळीत करून भागत नाही. कोणत्या कागदावरून आपण काय पडताळणार आहोत हे आधी ठरवले, तर मजकूर आपोआप नेमका होतो. या लेखात वरचाच मसुदा एका ठरावीक प्रसंगासाठी घडवला आहे. पुरवठादार पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एकल मालकीचा लहान कारखाना आहे आणि खरेदीचा पहिला आदेश निघालेला आहे. एकल मालकीचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण नावांचा घोळ सर्वांत जास्त तिथेच होतो.

लिहिण्यापूर्वी: तीन कागद, एक नाव

पॅन, जीएसटी नोंदणी आणि बँक खाते हे तीन वेगळे कागद असले तरी ते एकाच व्यक्तीचे किंवा संस्थेचे आहेत, याची आपल्याला खात्री करायची असते. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. त्यातली पहिली दोन अक्षरे राज्याचा संकेतांक असतात (महाराष्ट्रासाठी २७) आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या करदात्याचा पॅनच असतो. त्यामुळे पॅन आणि जीएसटी यांचा मेळ केवळ वाचून तपासता येतो. पॅनमधले चौथे अक्षर करदात्याचा प्रकार सांगते: व्यक्तीसाठी P, कंपनीसाठी C, भागीदारी संस्थेसाठी F. एकल मालकीच्या व्यवसायाला स्वतःचा वेगळा पॅन नसतो, मालकाचा वैयक्तिक पॅनच चालतो, म्हणून तिथे चौथे अक्षर P असणारच. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असे बिलावर छापणाऱ्याच्या पॅनमध्ये P दिसला, तर मात्र थांबून विचारावे.

बँक खात्याला असा कोणताही संकेतांक नसतो. तिथे नावावरच अवलंबून राहावे लागते आणि हीच कडी सर्वांत कच्ची असते. एनईएफटी किंवा आरटीजीएसने पाठवलेली रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते. आपण टाइप केलेले नाव खातेदाराच्या नावाशी जुळते की नाही, हे बँकेने पाहिलेच पाहिजे असे बंधन रिझर्व्ह बँकेच्या नियमांत नव्हते. अलीकडे पैसे पाठवण्याआधी लाभार्थीचे नाव पाहण्याची सोय आली आहे, पण ती पाहण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याचीच आहे. खाते क्रमांकातला एक अंक चुकला आणि त्या क्रमांकाचे खाते अस्तित्वात असले, तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. रद्द केलेला चेक मागण्याचे खरे कारण हेच आहे: खाते क्रमांक, आयएफएससी आणि खातेदाराचे नाव या तिन्ही गोष्टी बँकेने स्वतः छापलेल्या एकाच कागदावर मिळतात.

यातूनच त्या फोनवरच्या प्रश्नाचे उत्तर निघते. ज्या चेकवर खातेदाराचे नाव छापलेले आहे, तो रद्द केलेला चेक स्वतःच बँकेचा पुरावा आहे आणि वेगळा पुरावा मागण्याची गरज नाही. नव्या खात्याबरोबर मिळणाऱ्या पहिल्या चेकबुकावर बऱ्याचदा नाव नसते. अशा वेळी चेकसोबत बँकेचे पत्र, पासबुकाचे पहिले पान किंवा खाते उताऱ्याचा वरचा भाग मागावा. कच्च्या मसुद्यात ‘बँक प्रूफ’ आणि ‘कॅन्सल चेक’ या दोन स्वतंत्र बाबी म्हणून लिहिल्या आहेत. पक्क्या मजकुरात त्या ‘हा, आणि यावर नाव नसेल तर सोबत तो’ अशा एका वाक्यात आल्या पाहिजेत.

विषयाची ओळ आणि ओळख

‘कागदपत्रे’ एवढाच विषय असलेला, अनोळखी पत्त्यावरून आलेला, घाई करणारा आणि बँकेचा तपशील मागणारा ई-मेल: फसवणुकीचा ई-मेल कसा असतो हे शिकवायला याहून चांगला नमुना सापडणार नाही. सावध पुरवठादार त्याला उत्तर देणार नाही आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. म्हणून आपण खरे आहोत हे तपासण्याचे साधन मजकुरातच द्यावे लागते. विषयाच्या ओळीत खरेदी आदेशाचा क्रमांक आणि तारीख घालावी, कारण ती दोघांनाच माहीत असते. खरेदी विभागातल्या ज्या व्यक्तीशी पुरवठादाराचे बोलणे झाले आहे, तिचे नाव पहिल्या वाक्यात यावे आणि तिला ई-मेलची प्रतही जावी. ‘अकाउंट्स विभाग’ या सहीऐवजी नाव, पद आणि कार्यालयाचा दूरध्वनी लिहावा. शंका असल्यास खरेदी आदेशावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करून घ्यावी, असेही सांगावे. ‘खाली दिलेल्या क्रमांकावर’ असे लिहू नये, कारण खोटा ई-मेल पाठवणाराही खाली एक क्रमांक देतोच.

आणखी एक वाक्य अवश्य घालावे: आम्ही ओटीपी, एटीएम किंवा यूपीआय पिन, नेटबँकिंगचा पासवर्ड कधीही मागत नाही आणि कोणत्याही लिंकवर तपशील भरायला सांगत नाही. अर्थात हे वाक्य लिहिल्यावर त्याच ई-मेलमध्ये लिंक देऊ नये.

चेकबद्दलचा परिच्छेद

‘कॅन्सल चेक पाठवा’ या तीन शब्दांचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो. कोणी पूर्ण चेकभर जाड मार्करने फुली मारतो आणि खाते क्रमांकच झाकून टाकतो. कोणी सही करून पाठवतो. कोणी चेकवर लिहीतच नाही आणि कोरा, वापरता येण्याजोगा चेक स्कॅन करून पाठवतो. म्हणून चेकवर नेमके काय करायचे ते सांगावे लागते: चेकवर तिरप्या दोन रेघा मारून त्यांमध्ये ‘रद्द’ किंवा ‘CANCELLED’ असे लिहावे, आणि रेघा खाते क्रमांक, आयएफएससी, खातेदाराचे नाव आणि तळाची अंकांची पट्टी यांवरून जाऊ देऊ नयेत.

सहीबद्दल कार्यालयांत मतभेद आहेत आणि काही बँका स्वतःच्या अर्जांसाठी सही असलेला चेक मागतातही. पुरवठादाराच्या नोंदणीसाठी मात्र ती मागू नये, असे मला वाटते. आपण त्या सहीवरून काहीच पडताळत नाही, आणि खाते क्रमांकाशेजारी खातेदाराच्या सहीचा नमुना ई-मेलमधून फिरत राहतो. ‘चेकवर सही करू नये’ हे चार शब्द पुरेसे आहेत.

तळाच्या पट्टीबद्दलही सांगायला हवे. तिथे सहा अंकी चेक क्रमांकानंतर नऊ अंकी एमआयसीआर कोड असतो आणि त्यानंतर पुन्हा सहा अंकांचा एक गट असतो. घाईत काही जण हा गट किंवा चेक क्रमांकच खाते क्रमांक म्हणून टाइप करतात. पूर्ण खाते क्रमांक चेकच्या दर्शनी भागावर वेगळा छापलेला असतो, तोच लिहायचा, असे ई-मेलमध्ये स्पष्ट केले की ही चूक टळते.

जुन्या चेकबुकाची अडचण वेगळीच आहे. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट, अलाहाबाद, आंध्रा, कॉर्पोरेशन, ओरिएंटल आणि युनायटेड या बँका इतर बँकांत विलीन झाल्या आणि पुढे त्यांच्या शाखांचे आयएफएससी बदलले. अजूनही एखाद्या कपाटातून असे चेकबुक निघते आणि त्याचाच चेक रद्द करून पाठवला जातो. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो: पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य, शेवटची सहा शाखेची. पहिली चार अक्षरे विलीन झालेल्या बँकेची असतील, तर नवा चेक मागावा. त्यासाठी ई-मेलमध्ये ‘सध्या वापरात असलेल्या चेकबुकातील’ एवढे शब्द पुरतात.

कराबद्दलचा परिच्छेद

‘जीएसटी व पॅन’ असे मागितले की क्रमांक येतात. आपल्याला हवे असते ते जीएसटीचे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे नमुना आरईजी-०६, आणि तेही जोडपत्रांसह. एकल मालकीच्या व्यवसायात प्रमाणपत्रावर कायदेशीर नाव म्हणून मालकाचे नाव असते आणि व्यापारी नाव म्हणून कारखान्याचे. पॅनवर मालकाचे नाव आणि चेकवर कारखान्याचे नाव असेल, तर या दोन नावांना जोडणारा कागद म्हणजे हे प्रमाणपत्रच. मालकाचा तपशील जोडपत्रात असतो, म्हणून पहिले पान पुरेसे नाही, सर्व पाने मागावीत.

ज्या राज्यातून माल निघणार आणि बिल बनणार, त्या राज्याचा जीएसटी क्रमांक मागावा. एका पॅनवर अनेक राज्यांत नोंदणी असू शकते. प्रमाणपत्र पुण्याच्या कारखान्याचे आणि बिल दुसऱ्या राज्यातल्या गोदामाचे असे झाले, तर राज्यांतर्गत कर लावायचा की आंतरराज्य, इथपासून गोंधळ सुरू होतो. कंपोझिशन योजनेत असल्यास तसे कळवावे, असेही लिहावे. असा पुरवठादार बिलावर जीएसटी आकारू शकत नाही आणि आपल्याला त्यावर इनपुट क्रेडिट मिळत नाही, हे दर ठरवण्याआधी कळलेले बरे.

ज्याची नोंदणी नाही, त्याच्यासाठीही एक वाक्य हवे. ते नसेल तर तो माणूस उत्तर देण्याचेच लांबणीवर टाकतो. ‘जीएसटी नोंदणी लागू नसल्यास तसे सहीनिशी लेखी कळवावे’ हे पुरते. पॅनला मात्र पर्याय नाही. पॅन दिला नाही तर उगमस्थानी करकपात नेहमीच्या दराऐवजी साधारणपणे २० टक्के दराने करावी लागते. हे धमकी म्हणून न लिहिता, माहिती म्हणून लिहावे.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी असल्यास तिचे प्रमाणपत्रही याच ई-मेलमध्ये मागावे. त्याचा संबंध पुढच्या मुद्द्याशी आहे.

‘अन्यथा पेमेंट होणार नाही’

कच्च्या मसुद्यातले हे वाक्य उद्धट आहेच, शिवाय ते कायद्यात बसत नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचा माल स्वीकारल्यावर, लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून वजावटही मिळत नाही. आपल्या प्रणालीत नोंदणी झाली नव्हती, हे कारण ती मुदत थांबवत नाही. कागद यायला तीन आठवडे लागले, तर ते आपल्याच मुदतीतून वजा होतात.

त्यामुळे त्या जागी तारीख आणि कारण लिहावे: कोणत्या तारखेपर्यंत कागद मिळाल्यास पहिल्या बिलाची रक्कम वेळेवर देता येईल. ‘त्वरित’ या शब्दाने कोणालाच काही कळत नाही, ‘शुक्रवारपर्यंत’ म्हटल्यावर कळते. पाच ते सात कामकाजाचे दिवस रास्त आहेत, कारण मालकाला बहुधा आपल्या कर सल्लागाराकडून प्रमाणपत्र मागवावे लागते.

टाइप केलेला तपशील कुठे घ्यावा

चेकचा स्कॅन पुरावा असतो, पण खाते क्रमांक प्रणालीत भरण्यासाठी तो टाइप करूनही मागावा म्हणजे दोन्ही ताडून पाहता येतात. त्यासाठी एक्सेलचा तक्ता पाठवण्याची पद्धत आहे आणि ती घातक आहे. एक्सेल खाते क्रमांकाला संख्या समजते, सुरुवातीची शून्ये गाळते आणि १५ अंकांनंतरचे अंक शून्य करून टाकते. १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक ७ असेल, तर तक्ता जतन झाल्यावर तो ० झालेला असतो आणि मूळ अंक परत मिळत नाही. तक्ता वापरायचाच असेल, तर तो स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ स्वरूपात करून पाठवावा. सर्वांत सोपे म्हणजे ई-मेलच्या उत्तरातच चार ओळी लिहायला सांगाव्यात.

पक्का मजकूर

> विषय: खरेदी आदेश क्र. ______, दि. ______: पुरवठादार नोंदणीसाठी कागदपत्रे
>
> सप्रेम नमस्कार,
>
> आमच्या खरेदी विभागातील श्री./श्रीमती ______ यांच्याशी झालेल्या बोलण्यानुसार आपल्याला वरील खरेदी आदेश देण्यात आला आहे. आपल्या बिलाची रक्कम थेट आपल्या बँक खात्यात जमा करता यावी, यासाठी खालील कागदपत्रे कृपया दि. ______ पर्यंत या ई-मेलच्या उत्तरात पाठवावीत. या तारखेपर्यंत ती मिळाल्यास पहिल्या बिलाची रक्कम ठरलेल्या मुदतीत देणे आम्हाला शक्य होईल.
>
> बँक खाते: सध्या वापरात असलेल्या चेकबुकातील एक रद्द केलेला चेक. चेकवर दोन तिरप्या रेघा मारून ‘रद्द’ असे लिहावे. नाव, खाते क्रमांक, आयएफएससी आणि तळाची पट्टी झाकली जाणार नाही असे पाहावे. चेकवर सही करू नये. चेकवर खातेदाराचे नाव छापलेले नसल्यास सोबत बँकेचे पत्र किंवा पासबुकाचे पहिले पान जोडावे. खाते उतारा पाठवत असल्यास व्यवहारांचा भाग वगळावा.
>
> करनोंदणी: पॅनची प्रत, तसेच ज्या राज्यातून बिल दिले जाईल तेथील जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, सर्व पानांसह. कंपोझिशन योजनेत असल्यास तसा उल्लेख करावा. जीएसटी नोंदणी लागू नसल्यास तसे सहीनिशी लेखी कळवावे. पॅन उपलब्ध नसल्यास नियमानुसार जास्त दराने करकपात करावी लागते, याची कृपया नोंद घ्यावी. उद्यम नोंदणी असल्यास त्याचे प्रमाणपत्रही जोडावे.
>
> याशिवाय आपल्या उत्तरात खातेदाराचे नाव, पूर्ण खाते क्रमांक (चेकच्या दर्शनी भागावर छापलेला), आयएफएससी आणि खात्याचा प्रकार या चार गोष्टी टाइप करून द्याव्यात.
>
> कागदपत्रे पीडीएफ स्वरूपात, पासवर्डशिवाय पाठवावीत. आम्ही ओटीपी, पिन किंवा पासवर्ड कधीही मागत नाही आणि कोणत्याही लिंकवर माहिती भरायला सांगत नाही. या ई-मेलबद्दल शंका असल्यास खरेदी आदेशावर छापलेल्या दूरध्वनी क्रमांकावर खात्री करून घ्यावी.
>
> आपला/आपली,
> नाव, पद, विभाग, कार्यालयाचा दूरध्वनी
> प्रत: खरेदी विभाग

पासवर्डचा उल्लेख किरकोळ वाटेल. पण बँकेकडून आलेला खाते उतारा बहुधा पासवर्डने बंद असतो, तो तसाच पुढे पाठवला जातो, आणि मागून येणाऱ्या पासवर्डमध्ये मालकाची जन्मतारीख असते. ती आपल्या ई-मेलपेटीत पडण्याचे काही कारण नाही.

उत्तर आल्यावर

समजा, खोक्यांच्या कारखान्याकडून उत्तर आले आहे. पॅन मालकाच्या नावाचा, चौथे अक्षर P. जीएसटी क्रमांकातली तिसऱ्यापासून बारावीपर्यंतची अक्षरे त्या पॅनशी जुळतात. `services.gst.gov.in` या संकेतस्थळावर ‘Search Taxpayer’ मध्ये क्रमांक टाकल्यावर कायदेशीर नाव मालकाचे, व्यापारी नाव कारखान्याचे आणि नोंदणीची स्थिती ‘Active’ दिसते. चेकवर कारखान्याचे नाव छापलेले आहे. नावे वेगळी असली तरी साखळी पूर्ण आहे, कारण प्रमाणपत्र दोन्ही नावांना जोडते. इथे आणखी काही मागण्याची गरज नाही.

आता त्याच उत्तरात चेकवर मालकाच्या मुलाचे बचत खाते असते, तर? घरचाच माणूस, घरचाच धंदा, हे समजण्यासारखे असले तरी ते खाते स्वीकारू नये. बिल एकाचे आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात, अशी नोंद लेखापरीक्षणात टिकत नाही आणि पुढे वाद झाल्यास पैसे दिल्याचे सिद्ध करणेही अवघड होते. उत्तर सौम्य पण स्पष्ट असावे: ‘पाठवलेले खाते नोंदणीतील नावाचे नसल्याने त्यावर रक्कम पाठवता येणार नाही. कृपया आपल्या किंवा कारखान्याच्या नावाच्या खात्याचा रद्द केलेला चेक पाठवावा. बाकी सर्व कागद योग्य आहेत.’ शेवटचे वाक्य गाळू नये, नाही तर सगळेच कागद पुन्हा येतात.

सर्व जुळल्यावर त्या खात्यात एक रुपया पाठवावा आणि बँकेकडून परत आलेले नाव चेकवरच्या नावाशी ताडावे. मग पुरवठादाराला नोंदणी पूर्ण झाल्याचे दोन ओळींत कळवावे आणि त्यातच लिहावे की पुढे कधी खाते बदलायचे झाल्यास नव्या रद्द केलेल्या चेकसह विनंती पाठवावी, आणि आम्ही आमच्याकडे आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्यावरच बदल करू. ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा ई-मेल पुरवठादाराच्याच पत्त्यासारख्या दिसणाऱ्या पत्त्यावरून येतो, तेव्हा त्यातल्या क्रमांकावर फोन लावून काही उपयोग नसतो. आणि चुकून रक्कम गेलीच, तर त्याच तासात आपल्या बँकेला कळवून १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.